शाळेच्या घंटेवर चाललेली सभा

समस्त मानवजातीस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाच्या यंदाच्या वार्षिक मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका मी स्वतः, शुद्धीत असताना, माझ्या हाताने तयार केली होती. ज्यांना धक्का सहन होत नाही त्यांनी आधी बसून घ्यावं. मी स्वतः बसूनच लिहितो आहे.

आमची शाळा म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात. एका बाजूला टिनपत्र्याचे डबे ठोकणारे, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन दुरुस्त करणारे, मध्ये शाळा. आत कोण काय शिकवतंय हे कधीच धड ऐकू यायचं नाही, त्यामुळे आम्ही सगळे जरा मोठ्यानेच बोलतो. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि भांडताना जी पहिली तोंडात येईल ती. आमच्या मराठीत 'पुरे' कुणी म्हणत नाही, 'साकु' म्हणतात. घर 'बांधत' नाहीत, 'कट्टतात'. महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेला माझा शेजारी आमचं बोलणं ऐकून पहिली दोन वर्षं फक्त हसायचा. आता तोही बायकोला 'साकु' म्हणतो.

मी विम्याचा एजंट. म्हणजे मेळाव्याला मी आलो की लोक आनंदाने मिठी मारतात आणि मिठीतूनच पळून जायची वाट शोधतात. तरी संघाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच. कारण माइक माझ्या हातात असला की निदान पॉलिसीचे कागद तरी नसतात.

आता अक्काबद्दल. अक्का म्हणजे आमच्या संघाची सचिव. माझ्या दोन वर्ग पुढे होती. शाळेत लीडर, प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरत सगळ्यांची नखं तपासणारी. आज तिचं मोहल्ल्यातच ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि शाळेचे गणवेषही तीच शिवते. तीन वर्षांपूर्वी गणवेषाची मापं घ्यायला ती शाळेत गेली होती. शाळा सुटायची वेळ. मुलींच्या दप्तरांना लटकलेल्या पाण्याच्या बाटल्या तिने पाहिल्या. सगळ्या भरलेल्या. सकाळी घरून जशा आणल्या तशाच.

"पाणी का गं पिलं नाही?" असं तिने एकीला विचारलं. मुलगी लाजली आणि तिने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

मागे मुलींचं स्वच्छतागृह होतं. एकच. दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं. अक्का मला म्हणाली, "मी पण नाही रे प्यायचे. चाळीस वर्षांत एक कडी लागली नाही."

त्या दिवसापासून तिला मेळाव्यात एकच गोष्ट हवी होती: निधीसाठी आवाहन करायला धड तीन मिनिटं. आणि तीच मिळत नव्हती. आवाहन कायम आभाराच्या अगोदर, म्हणजे जेवणाच्या नंतर. गेल्या वर्षी ती बोलायला उभी राहिली तेव्हा सभागृहात मी, माइकवाला आणि एक झोपलेलं कुत्रं एवढेच होतो. माइकवाल्याने टाळ्या वाजवल्या. कुत्र्याने कूस बदलली.

हे असं होण्याचं कारण आमचे अध्यक्ष. हा माझ्याच वर्गातला. आता चामराजपुरमला मोठमोठी घरं कट्टणारा कंत्राटदार. मनाने चांगला, पण माइक दिसला की त्याच्यात काहीतरी सुरू होतं ते बंद करायचं बटण देवानेही बसवलेलं नाही. त्याचं अध्यक्षीय मनोगत सुरू झालं की भाताला डिंक सुटतो.

म्हणून यंदा कार्यकारिणीची बैठक अक्काने स्वतःच्या दुकानात बोलावली. अर्धवट शिवलेल्या ब्लाऊजच्या बाह्या डोक्यावर लोंबत होत्या आणि आम्ही चौघं स्टुलांवर बसलो होतो: अक्का, कंत्राटदार, मी आणि बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असलेला आमचा एक धाकटा माजी विद्यार्थी.

सॉफ्टवेअरवाल्याने सुरुवात केली. "मेळाव्याला येऊन फक्त जेवून जायचं याला अर्थ नाही. नेटवर्किंग पाहिजे. एकाने दुसऱ्याला भेटायचं, दोन मिनिटं ओळख, मग खुर्ची बदलायची. एकमेकांच्या धंद्याला मदत होते."

"आणि माझं मनोगत?" कंत्राटदार.

"तुझं मनोगत तीन मिनिटं," अक्का म्हणाली.

"अध्यक्षाला तीन मिनिटं? अय्यो अक्का, तीन मिनिटांत मी खोकून घसा पण साफ करत नाही!"

"मग घरून साफ करून ये."

शेवटी ठरलं ते असं. आधी सभेचं कायद्याचं कामकाज: मागच्या सभेचं इतिवृत्त, वार्षिक अहवाल, हिशेब मंजूर. मग नेटवर्किंग. मग भाषणं. बोलणारे पाच, प्रत्येकाला तीनच मिनिटं, अध्यक्षालाही, आवाहनालाही. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आणि हे सगळं जेवणाच्या आधी. क्रम कुणी ठरवायचा? चिठ्ठ्या टाकायच्या. अक्काने बटणांचा डबा रिकामा केला, त्यात पाच चिठ्ठ्या टाकल्या, डबा खुळखुळवला आणि स्वतःची चिठ्ठी काढली.

पाचवी. शेवटची. आणि तिच्या अगदी आधी, चौथा, कंत्राटदार.

मी म्हणालो, "अक्का, बदलून घे. डबा तुझा, दुकान तुझं."

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. पण तोंडात धरलेली टाचणी तिने जरा जास्तच जोरात चावली.

राहिला प्रश्न वेळेचा. वेळ झाली हे सांगणार कोण? सॉफ्टवेअरवाला म्हणाला, मोबाईल वाजवू. कंत्राटदार म्हणाला, मोबाईल वाजला तर मी उचलतो. मी सांगावं तर माझं कोण ऐकतं? तेव्हा माझ्या मेंदूत ती तेजस्वी कल्पना प्रकटली. आमच्या शाळेची घंटा! व्हरांड्यात टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा आणि लोखंडी दांडा. आणि वाजवायला आमचा जुना शिपाईमामा. निवृत्त होऊन जमाना झाला, कानाने थोडा कमी, पण घड्याळाचा पक्का, आणि कुणाच्या बापाला न भिणारा. दोन मिनिटं झाली की एक टोल, सावध. तीन मिनिटं झाली की दोन टोल, खाली बसा. तरी ऐकलं नाही तर लांब घणघण.

सगळ्यांनी माना डोलावल्या. चौघांनी मिळून या शाळेत एकूण चाळीस वर्षं काढलेली. एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या घंटेचा आधीपासून काही अर्थ असू शकेल.

मेळावा रविवारी सकाळी. ऐंशीएक जण आले. दारात कॉफी होती, आणि मोठ्या पिंपात आलं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक. कंत्राटदार आला तो थेट ताकाकडे. "बोलायचं आहे, घसा ओला पाहिजे," म्हणाला. एक पेला, दोन पेले. मी मोजायचं सोडून दिलं.

कायद्याचं कामकाज सुरळीत पार पडलं, म्हणजे कुणी ऐकलं नाही. मग नेटवर्किंग. सॉफ्टवेअरवाल्याने खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि प्रत्येकाच्या छातीवर रंगीत स्टिकर लावला. अडचण एवढीच झाली की अर्धे लोक एकमेकांचे शेजारी.

"नमस्कार. आपण काय करता?"

"गाढवा, ही पँट मीच शिवली तुझी."

"बरं झालं भेटलास. ढुंगणावर उसवली आहे."

अशी धंद्याला मदत झाली. बन्नूरचा एक ऊसवाला शेतकरी मात्र खरंच खूश झाला. त्याला पंप दुरुस्त करणारा सापडला, आणि तो त्याच्याच बाकावर बसणारा निघाला. माझ्यासमोरची खुर्ची मात्र दर दोन मिनिटांनी रिकामीच राहत होती. लोक दुसऱ्या रांगेत बसत होते आणि लांबून हात हलवत होते.

मग भाषणं. शिपाईमामा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून, व्हरांड्यात रुळाशेजारी, लढाईला निघाल्यासारखा उभा.

पहिल्या वक्त्या एक निवृत्त शिक्षिका. गोड बोलत होत्या. दोन मिनिटं झाली. टण्ण!

ऐंशी माणसं ताडकन उभी राहिली.

मला कळेना. बाईंनाही कळेना. त्यांना वाटलं आपल्या भाषणाला सभा उठून मान देते आहे. त्यांचे डोळे भरून आले. आणि मागून कुणीतरी सूर लावून म्हणालं, "नमस्कार मिस्सऽऽ!" तेव्हा ट्यूब पेटली. एक टोल म्हणजे तास बदलला. नवीन बाई वर्गात आल्या. उभे राहा.

"बसा, बसा!" मी माइकवरून ओरडलो. बसले. बाई भारावून पुढे बोलू लागल्या. तिसरं मिनिट संपलं. टण्ण टण्ण!

दोन टोल म्हणजे मधली सुट्टी. पुढच्या तीन रांगा उठून थेट जेवणाच्या मंडपाकडे. एका डॉक्टरने तर रुमाल मांडीवर पसरला होता. आचारी घाबरून पातेल्यांवर झाकणं दाबत उभा. त्यांना परत आणायला मला आणि सॉफ्टवेअरवाल्याला गुराख्यांसारखं पळावं लागलं.

"मामा," मी शिपायाच्या कानात ओरडलो, "दोन टोल नकोत! एकच मारा, एकच!"

"एकच," मामा म्हणाला. "आणि नाही ऐकलं तर?"

"तर लांब घणघण," असं मी म्हणालो. हे मी म्हणालो. याला साक्षीदार आहेत.

दुसरे आणि तिसरे वक्ते एक टोल, सभा उभी, सभा खाली, असे आटोपले. आणि मग कंत्राटदार.

त्याने सुरुवात केली ती तो ज्या बाकावर झोपायचा त्या बाकापासून. मग पहिलं घर कसं कट्टलं. पायाच्या दगडापासून. दर दोन वाक्यांनी ताकाचा घोट. दोन मिनिटांनी एक टोल झाला. सभा उभी राहिली, सभा बसली, आणि हा भिंतीपर्यंत आला होता. पाच मिनिटांनी खिडक्यांवरचं लिंटेल. आठ मिनिटांनी शिपाईमामा व्हरांड्यातूनच ओरडला, "साकु!" कंत्राटदाराला वाटलं दाद मिळाली. त्याने मामाला हात जोडले आणि जिना चढू लागला.

मी अक्काकडे पाहिलं. ती मंचाच्या कडेला खुर्चीवर ताठ बसलेली, मांडीवर कागदांचा गठ्ठा. तिने काय तयारी केली होती ते मला ठाऊक होतं. शाळेच्या व्यवस्थापनाचं लेखी संमतिपत्र, इंजिनियरचा नकाशा, आणि संकल्पाच्या चिठ्ठ्या. ब्लाऊजचं कापड बेतावं तसं तिने ते सगळं स्वच्छतागृह कागदावर बेतलं होतं. एका चिठ्ठीवर 'दार', एकीवर 'नळ', एकीवर 'फरशी', एकीवर 'टाकी'. खाली नाव, फोन, आणि कधीपर्यंत देणार ते. रोकड आज कुणी द्यायची नाही, नंतर संघाच्या खात्यात आणि पावती घेऊन. एकेकाला एकेक तुकडा उचलता यावा, एवढंच. चिठ्ठ्यांच्या कडा तिच्या मुठीत ओल्या झाल्या होत्या.

अकराव्या मिनिटाला कंत्राटदार गच्चीवर पोचला आणि शिपाईमामाने दोन्ही हातांनी दांडा उचलला.

घण-घण-घण-घण-घण-घण!

शाळा सुटली.

मी असा लोंढा उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पन्नाशीची, साठीची माणसं, गुडघ्यांचे पट्टे सांभाळत, पिशव्या खाकोटीला मारून फाटकाकडे धावली. माइकवाल्याने वायर उपटली. फाटकाबाहेर चुरमुऱ्यांची गाडी उभी होती, तिच्याभोवती ढकलाढकली सुरू झाली. "माझा पहिला नंबर!" असं एक बँक मॅनेजर किंचाळत होते. आणि ज्याने कार्यक्रमपत्रिका केली, ज्याच्या हातात माइक होता, तो मीही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, भानावर आलो तेव्हा माझ्या हातात चुरमुऱ्यांचा पुडा होता आणि मी कांदा जास्त घाल म्हणून भांडत होतो.

मागे वळून पाहिलं. रिकाम्या सभागृहात बंद माइकसमोर कंत्राटदार अजून गच्चीची गळती समजावून सांगत होता. आणि अक्का एकटी, गठ्ठा छातीशी धरून. पुन्हा तीच ती. यंदा कुत्रंही नव्हतं.

कांद्याचं भांडण मी तिथेच सोडलं.

मग अक्का उठली. मंच उतरली, व्हरांड्यात गेली, मामाच्या हातातून दांडा घेतला. आणि तिने टोल मारला. टण्ण. थांबली. टण्ण. थांबली. टण्ण.

तीन टोल, मध्ये श्वास. प्रार्थना.

फाटकाबाहेरची ढकलाढकली थांबली. बँक मॅनेजरांनी पुडा मुडपून खिशात घातला. एकही शब्द न बोलता ऐंशी माणसं आत आली आणि अंगणात रांगा लावू लागली. बुटके पुढे, उंच मागे, हाताचं अंतर. आजच्या उंचीने नाही हं, त्या वेळच्या उंचीने! "ए, तू माझ्या मागे होतास," एवढंच कुणीतरी कुजबुजलं. कंत्राटदारही प्रार्थनेची घंटा ऐकून सभागृहातून मुकाट बाहेर आला. शाळेत तो सगळ्यात बुटका, त्यामुळे आजही पहिला. अगदी अक्काच्या नाकासमोर. मामा दांडा परत घेऊन रांगांच्या कडेने फिरू लागला.

"हात पुढे," अक्का म्हणाली.

ऐंशी जोड हात पुढे आले, नखं वर करून. मी माझी नखं पाहिली. वाढलेली होती. मी बोटं जरा आत मुडपली. पण अक्का नखं न बघता चालत गेली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक चिठ्ठी ठेवत गेली.

मग पुढे येऊन तिने सांगितलं. दप्तराला लटकलेल्या भरलेल्या बाटल्या. कडी नसलेलं दार. साडेआठ वाजता शाळेत येऊन चार वाजेपर्यंत घोटभर पाणी न पिणाऱ्या मुली. "आपल्यातल्या पोरांना हे माहीत नाही," ती म्हणाली, "पोरींना विचारा." मागच्या रांगेतून, उंच मुलींच्या रांगेतून, कुणीतरी हळूच 'हो' म्हणालं. मग दुसरी. तिच्या हातातली चिठ्ठी 'दार' होती, आणि ती तिथेच पर्स उघडून पेन शोधू लागली.

"झालं माझं," अक्का म्हणाली. मामाने घड्याळ दाखवलं. बरोबर तीन मिनिटं.

मी पुढे होऊन आभार मानायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "थांब. सगळ्यांना सारखा वेळ, असं ठरलंय ना? अध्यक्षांनी अकरा मिनिटं घेतली. माझी आठ राहिली."

"मग बोल ना," मी म्हणालो.

"बोलायचं ते बोलले. आठ मिनिटं मी सुम्ने, नुसती, उभी राहणार. तेवढ्यात ज्याला चिठ्ठी भरायची त्याने भरावी. रांग मोडायची नाही. मामा, घड्याळ लावा."

आणि ती खरंच उभी राहिली. हातांची घडी, नजर समोर. ऐंशी माणसं उन्हात, गप्प. पाठीचं टेबल करून एकमेकांच्या पाठीवर चिठ्ठ्या भरल्या जाऊ लागल्या. बन्नूरच्या शेतकऱ्याने 'टाकी' भरली, आणि पंपवाल्याने शेजाऱ्याच्या हातातली 'नळ' ओढून घेतली. दोन मिनिटं. तीन मिनिटं.

पहिल्या रांगेत कंत्राटदार एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. मग पुन्हा पहिल्यावर. त्याने पोटावर हात ठेवला, हात काढला. मी त्याच्या हातातली चिठ्ठी वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, 'कडी'. चौथं मिनिट संपलं. तो गुडघे एकमेकांना चिकटवून उभा होता. रांगेतल्या बायका आधी एकमेकींकडे, मग त्याच्याकडे बघू लागल्या. कुणी हसलं नाही. सगळ्या जाणत्या नजरेने, शांतपणे, नुसत्या बघत होत्या.

पाचव्या मिनिटाला त्याने शाळेत करायचा तसा उजव्या हाताच्या करंगळीचा इशारा वर केला. अक्काने पाहिलं. मामाने दांडा दाखवला आणि म्हणाला, "प्रार्थनेत नाही जायचं."

सहावं मिनिट. कंत्राटदाराच्या कपाळावर घाम, ओठ दातांत, करंगळी अजून वर. आणि मग लष्कर मोहल्ल्यातले टिनपत्र्याचे ठोके थांबावेत एवढ्या मोठ्याने तो ओरडला:

"अक्का, दार, कडी, नळ, टाकी, सगळं मीच कट्टतो गे, उद्याच कट्टतो, पण आधी मला जाऊन येऊ दे!"